‘तशी’ म्हणजे कशी?

*रावेर तालुक्यात माझी अडीच एकर मृगबाग केळी आहे. टिश्यूची रोपे आहेत, लागवडीला दोन महिने झाले. काल रात्री आमच्या दाजींनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फॉरवर्ड केला : ‘आता वाट पाहू नका. तशी सगळी झाडे उपटा, शेताबाहेर नेऊन गाडा. नंतर इमिडा पंपाला 8, दोन्ही बाजूंनी.’ त्याच्या आधीचे काहीच आले नाही. विचारले तर म्हणाले, ‘सरांनी सांगितले आहे, करून टाक.’ माझी चारशेच्या आसपास झाडे पिवळी दिसतात. उद्या मजूर सांगितले आहेत. उपटू का? आणि दाजींना पुन्हा विचारणे बरे दिसेल का?*
*— एक केळी उत्पादक*

तुमचे पत्र मिळाले त्याच संध्याकाळी ‘उद्याचे मजूर थांबवा आणि दोन दिवस द्या’ एवढेच मी फोनवर सांगितले होते. त्यामागचे कारण आता सविस्तर लिहितो, कारण असाच एखादा तुटका मेसेज हातात घेऊन बांधावर उभे असलेले अनेक जण मला माहीत आहेत, आणि दोन महिन्यांचे झाड एकदा उपटले की तो निर्णय परत घेता येत नाही.

तो मेसेज शेतकऱ्याच्या नजरेने न वाचता एखाद्या परक्या माणसाच्या नजरेने वाचून पाहा. ‘तशी झाडे’ असे त्यात म्हटले आहे. पण ‘तशी’ हा शब्द स्वतः काहीच सांगत नाही, तो फक्त बोट दाखवतो, आणि ज्याच्याकडे बोट दाखवले होते तो फोटो किंवा ते वर्णन तुमच्यापर्यंत आलेले नाही. ‘आता’ म्हणजे लागवडीनंतर किती दिवसांनी, ‘नंतर’ म्हणजे त्याच संध्याकाळी की आठवड्याने, ‘दोन्ही बाजूंनी’ म्हणजे पानाच्या की ओळीच्या, हेही कळत नाही. ‘पंपाला 8’ यात मिली आहे की ग्रॅम आहे, पंप पंधरा लिटरचा आहे की वीस लिटरचा, हे लिहिलेले नाही. जो माणूस त्या संभाषणात होता त्याला यातले सगळे ठाऊक होते, म्हणून त्याच्यासाठी हा मेसेज पूर्ण होता. तुमच्या हाती आले ते उत्तर आहे, प्रश्न मागेच राहिला आहे. आणि वाचताना आपण सगळेच जे करतो तेच तुमच्याकडूनही झाले, म्हणजे ‘तशी’ या रिकाम्या जागेत तुम्ही स्वतःच्या शेतातली चारशे पिवळी झाडे बसवली.

हे कोणाच्या निष्काळजीपणामुळेच घडते असे नाही. फोनमधली सोयच तशी आहे. गटात एखाद्या प्रश्नाला उत्तर देताना मूळ प्रश्न उत्तराच्या डोक्यावर एका राखाडी पट्टीत दिसतो, आणि त्या पट्टीवर बोट टेकवले की आपण थेट त्या प्रश्नापर्यंत पोहोचतो. पण तेच उत्तर फॉरवर्ड केले की ती पट्टी मागे राहते आणि फक्त उत्तराचा मजकूर पुढे जातो. लिहिणाऱ्याचे नाव जात नाही, तुमच्याकडे ते दाजींच्या नावानेच येते. मूळ तारीखही जात नाही. तुम्हाला दिसणारी वेळ दाजींनी पाठवल्याची असते, सरांनी लिहिल्याची नसते. सरांनी पंधरा मिनिटांच्या आत मूळ मेसेज दुरुस्त केला असेल, किंवा चूक लक्षात आल्यावर पुसला असेल, तरी त्याआधी पुढे गेलेली प्रत आहे तशीच फिरत राहते. वर बारीक अक्षरांत Forwarded असे येते, त्यावरून इतकेच कळते की हे दाजींनी स्वतः टाईप केलेले नाही. दुहेरी बाणांसह Forwarded many times असे आले, तर तो मेसेज किमान पाच वेळा हातोहात पुढे जात आला आहे असे समजावे. आणि कोणी मजकूर कॉपी करून चिकटवला असेल, तर ही खूणही राहत नाही.

या गोष्टीची झळ माझ्यामुळे दुसऱ्या एका शेतकऱ्याला लागली आहे, म्हणून मी याबद्दल इतक्या आग्रहाने लिहितो आहे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका गटात कोणी तरी फोटो टाकला होता. भारी काळी जमीन, सहा दिवसांची झड, केळीच्या बुडाशी पाणी साचलेले, तरीही ठिबक नेहमीच्या वेळेला सुरूच. मी उत्तर दिले, ‘दोन दिवस पाणी तोडा, मग बघू.’ त्या शेतासाठी ते बरोबरच होते. पुढच्या मे महिन्यात हलक्या मुरमाड जमिनीच्या एका शेतकऱ्याने मला फोन केला. त्याच्या बागेत घड निसवत होते, पाने खालून पिवळी पडत होती, आणि कोणा नातेवाइकाने पाठवलेले माझेच ते वाक्य वाचून त्याने दोन दिवस ठिबक बंद ठेवले होते. आपल्याकडच्या मे महिन्यात घडावर आलेल्या झाडाला रोज वीसेक लिटर पाणी लागते. त्या दोन दिवसांत घडांची वाढ खुंटली आणि शेवटच्या फण्या बारीकच राहिल्या. माझ्या वाक्यात जमीन, महिना, झाडाचे वय यांतले काहीच नव्हते, कारण समोरच्या फोटोत ते सगळे दिसत होते. मी फोटोला उत्तर दिले होते. त्याला मिळाले ते फोटोवाचूनचे उत्तर.

आता दाजींकडे वळू. पुन्हा विचारणे बरे दिसेल का, या तुमच्या प्रश्नामागची अडचण मी समजू शकतो. बहिणीच्या घरचे माणूस, वयाने मोठे, त्यांनी आपुलकीने पाठवले, आणि आपण उलट चौकशी करायची, हे जड जाते. म्हणून मी तुम्हाला सरांच्या सल्ल्याबद्दल शंका काढायला सांगितले नाही, दाजींकडे एक काम मागायला सांगितले. तुम्ही माझ्या सांगण्यावरून पाठवलेला मजकूर असा होता : ‘दाजी, मेसेज मिळाला, कामाचा आहे. त्यात “तशी झाडे” म्हटले आहे, तो फोटो माझ्याकडे आला नाही. गटात त्या मेसेजच्या वरचे चार-पाच आणि खालचे चार-पाच मेसेज दिसतील, त्यांचे स्क्रीनशॉट पाठवता का? तोवर मजूर थांबवतो.’ यात दाजींचा मान राखला जातो, नेमके काय हवे ते त्यांना कळते, आणि काम थांबले आहे हे कळल्यामुळे ते आज-उद्या करत बसत नाहीत.

स्क्रीनशॉट मागायला सांगितले त्याला कारण आहे. तेच मेसेज दाजींनी निवडून पुन्हा फॉरवर्ड केले असते, तर ते ओळीने आले असते खरे, पण सगळे दाजींच्या नावाने. प्रश्न कोणाचा आणि उत्तर कोणाचे हे तुम्हाला उमगले नसते. स्क्रीनशॉटमध्ये नाव, वेळ आणि ती राखाडी पट्टी, तिन्ही टिकतात. फक्त एक काळजी घ्यावी लागते. मेसेजच्या कोपऱ्यात वेळ असते, तारीख नसते. तारीख दिवस बदलतो तेथे मधोमध एका लहान चौकटीत येते, किंवा पडदा बोटाने सरकवताना क्षणभर वर तरंगते. म्हणून पडदा ती चौकट दिसेपर्यंत वर सरकवून मगच चित्र घ्यायला सांगावे. आणि खालचे मेसेज वरच्यांइतकेच महत्त्वाचे असतात, कारण उत्तर दिल्यानंतर कोणी तरी पुन्हा विचारते आणि खरा खुलासा बहुधा तेव्हा होतो. दाजींनाही तो मेसेज दुसऱ्या कोणाकडून फॉरवर्ड होऊन आला असता, तर त्यांच्याकडे वर-खाली काही सापडले नसते. मग ‘तुम्हाला कोणी पाठवला’ एवढेच विचारून एक पायरी मागे जावे लागले असते. तुमच्या बाबतीत दाजी मूळ गटातच होते, म्हणून काम एका दिवसात झाले.

तुम्ही परवा पाठवलेले पाच स्क्रीनशॉट मी दोनदा वाचले. तो मेसेज मागच्या वर्षीच्या ऑगस्टमधला निघाला. विचारणाऱ्याची लागवड पंचवीस दिवसांची होती, आजारी झाडे चौदा होती, आणि त्याने पोंग्याजवळच्या पानाचा अगदी जवळून घेतलेला फोटो टाकला होता. त्या पानावर शिरांच्या दिशेने तुटक-तुटक पिवळे पट्टे होते आणि पानाची कड मुरडलेली होती. आपल्याकडे ज्याला हरण्या म्हणतात तो हा विषाणूजन्य रोग, कुकुंबर मोझॅक विषाणूचा. तो मावा पसरवतो, आणि एकदा झाडात शिरला की त्यावर औषध नाही. म्हणून लवकर उपटून गाडणे हाच सल्ला बरोबर असतो. पंचवीस दिवसांवर चौदा झाडे काढली तर नांग्या भरता येतात आणि नवीन रोप बाकीच्यांना गाठते. सरांनी ‘वाट पाहू नका’ असे ठामपणे म्हटले, त्यामागे हे वय आणि ही संख्या होती. दोन महिन्यांच्या बागेत भरलेले रोप मात्र मोठ्या झाडांच्या सावलीत मागे पडते, त्यामुळे तेथे प्रत्येक झाड काढण्याआधी ते खरोखर आजारी आहे याची खात्री करावीच लागते.

त्याच्या खालचा मेसेज मला सर्वांत मोलाचा वाटला. विचारणाऱ्याने पुढे लिहिले होते, ‘सर, काही झाडे नुसती पिवळट आहेत, पट्टे नाहीत, तीही काढू का?’ आणि सरांचे उत्तर होते, ‘नाही, ती ठेवा. पट्टे असलेलीच.’ तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या गटात वर्षभर आधीच दिलेले होते. ते दोन बोटे खाली होते आणि फॉरवर्डमध्ये आले नाही, एवढेच.

उरलेल्या शब्दांचाही उलगडा झाला. ‘नंतर’ म्हणजे सकाळी उपटल्यावर त्याच दिवशी संध्याकाळी. ‘दोन्ही बाजूंनी’ म्हणजे पानाच्या वरून आणि खालून, कारण मावा पानाच्या मागे आणि पोंग्यात बसतो. ‘8’ म्हणजे आठ मिली, कारण विचारणाऱ्याने आधीच सांगितले होते की त्याचा पंप वीस लिटरचा आहे आणि औषध 17.8 टक्क्यांचे द्रवरूप आहे. तुमचा पाठीवरचा पंप पंधरा लिटरचा आहे. त्यात तेच आठ मिली टाकले असते तर द्रावण एक तृतीयांशाने तीव्र झाले असते. आणि दुकानातून इमिडाचेच 70 टक्क्यांचे दाणेदार पाकीट आणून आठ ग्रॅम टाकले असते, तर औषध मूळ सल्ल्याच्या पाचपट झाले असते. एका आकड्यामागचे एकक आणि टक्केवारी गळली की असे होते. मात्रा नेहमी लिटरमागे किती ती विचारावी, आणि हातातल्या बाटलीच्या लेबलाशी ताडून पाहावी; आपले पीक त्या लेबलावर आहे की नाही हेही तेथेच दिसते.

तुमच्या शेताचे आता नेमके बोलू. पाच बाय पाच फुटांवर एकरी सुमारे 1,740 झाडे बसतात, म्हणजे अडीच एकरांत 4,350. चारशे म्हणजे शेकडा नऊ झाडे तुम्ही एका सकाळी काढणार होता. मी तुम्हाला मजुरांऐवजी लाल आणि पांढऱ्या चिंध्या घेऊन ओळीओळीने फिरायला सांगितले. तुटक पट्टे किंवा मुरडलेले पान असेल तेथे लाल, नुसता पिवळटपणा असेल तेथे पांढरी. तुमची मोजणी अशी आली : लाल 31, तीही शेतभर विखुरलेली, कोठे एक, कोठे दोन, पांढऱ्या जवळपास पावणेचारशे, आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्या नाल्याकडच्या एका सलग पट्ट्यात, जेथे नांगरताना चुनखडीचे पांढरे खडे वर येतात असे तुम्ही म्हणालात. हा फरक फार बोलका आहे. मावा उडत येतो आणि सुटी-सुटी झाडे धरतो, त्यामुळे हरण्या सुरुवातीला विखुरलेला दिसतो. जमिनीचा दोष जमिनीच्या पट्ट्यासारखाच सलग दिसतो. चुनखडीच्या जमिनीत झाडाला लोह मिळत नाही, तेव्हा कोवळे पान शिरांच्या मधून पिवळे पडते आणि शिरा हिरव्या राहतात. पाठवलेल्या फोटोंत पांढऱ्या चिंधीच्या झाडांची पाने मला तशीच दिसली. लोहाची पूर्तता झाली की त्या झाडांचे पुढचे पान हिरवे येते. ती उपटणे म्हणजे चांगले झाड गाडणे झाले असते.

ज्या 31 झाडांना लाल चिंधी आहे त्यांच्यासाठी मात्र सरांचा मूळ सल्ला लागू होतो, आणि तेथे आता खरोखर वाट पाहू नका. मी फोटो पाहून बोलतो आहे, आणि विषाणूच्या बाबतीत पान हातात घेऊन पाहणारा माणूस अधिक भरवशाचा. तुमच्याच तालुक्यात पाल येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, जळगावला केळी संशोधन केंद्र आहे. लाल चिंधीच्या दोन आणि पांढऱ्या चिंधीच्या दोन झाडांची पाने वेगवेगळ्या पिशव्यांत घालून, वर लागवडीची तारीख लिहून, उद्याच दाखवून या. जाणे जमलेच नाही तर किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा क्रमांक सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत चालू असतो; तेथे बोलतानाही लागवडीची तारीख, एकूण झाडे, आजारी झाडे, ती विखुरलेली की सलग, आणि आतापर्यंत काय फवारले, एवढे आधी सांगावे. त्यांनी हरण्या आहे म्हणून सांगितले की 31 झाडे मुळासकट काढा, पोत्यात घालून बाहेर न्या, ओळींतून ओढत नेऊ नका, आणि बांधावर टाकून न ठेवता गाडा. शेजारी काकडी, भोपळा, टोमॅटो किंवा मिरची असेल तर तिकडेही एक फेरी मारा, कारण हा विषाणू त्या पिकांवरही राहतो. नंतर तीन-चार आठवडे, दर चार दिवसांनी नवीन पोंगा पाहत राहा. पांढऱ्या चिंधीच्या झाडावर तुटके पट्टे उमटले तर ते झाड लाल गटात गेले असे समजा.

थांबण्याला मर्यादा आहे, हेही स्पष्ट लिहितो. माझ्या सांगण्याचा अर्थ कोणी ‘फॉरवर्ड आला की काहीच करू नका’ असा घेतला, तर हरण्या झालेल्या बागेत मावा आठवडाभरात पुष्कळ पुढे जाईल. जे पुन्हा जागेवर आणता येत नाही, म्हणजे उपटणे, तोडणे, फवारणे, पाणी बंद करणे, ते मागचे संभाषण हाती येईपर्यंत थांबवावे, आणि ही मुदत एक-दोन दिवसांचीच ठेवावी. मोजणे, खुणा करणे, फोटो काढणे, पान दाखवून येणे हे त्याच क्षणी सुरू करावे; त्याने काही बिघडत नाही, आणि मागचा मजकूर कधीच मिळाला नाही तरी ही माहिती नव्याने सल्ला विचारायला उपयोगी पडते.

एक काम दाजींसाठी. त्यांनी तो मेसेज आणखी तिघा नातेवाइकांना पाठवला आहे असे तुम्ही फोनवर म्हणालात. त्या तिघांकडे अजूनही ‘तशी सगळी झाडे’ एवढेच आहे. दाजींना सांगून त्या तिघांना आजच पुढचा मजकूर पाठवा. तो मुद्दाम असा लिहिला आहे की तो एकटा कोठेही गेला तरी त्याचा अर्थ बदलू नये :

‘आधी पाठवलेला झाडे उपटण्याचा मेसेज मागच्या वर्षीच्या ऑगस्टमधला आहे. तो पंचवीस दिवसांच्या टिश्यू केळीसाठी, फक्त हरण्याच्या चौदा झाडांपुरता होता. पोंग्याजवळच्या पानावर तुटक पिवळे पट्टे असतील तीच झाडे काढायची, तीही पान तज्ज्ञाला दाखवून. नुसती पिवळी झाडे उपटू नका. फवारणीचा आकडा वीस लिटरच्या पंपासाठी आणि 17.8 टक्क्यांच्या औषधासाठी होता, तो तसाच वापरू नका.’

तिघांपैकी ज्याचे उत्तर रात्रीपर्यंत येणार नाही, त्याला दाजींनी फोन करावा. मजूर सकाळी सातला शेतात उतरतात.